गोड्या मसाल्याच्या पाकिटाचे तीन हिशेब

व्यवसाय व्यवस्थापनाच्या वर्गात ई-कॉमर्सचा धडा निघाला की फळ्यावर तीन रकाने आखले जातात. पहिला मार्केटप्लेसचा, म्हणजे अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात आपला माल मांडणं. दुसरा डीटूसीचा, म्हणजे स्वतःची वेबसाइट काढून थेट ग्राहकाला विकणं. तिसरा सबस्क्रिप्शनचा, म्हणजे ग्राहकाने एकदा नोंदणी करायची आणि माल ठरल्या वेळी घरपोच येत राहायचा. रकान्यांखाली फायदे-तोटे लिहिले जातात. मार्केटप्लेसवर कमिशन जातं, डीटूसीत जात नाही, सबस्क्रिप्शनमध्ये उत्पन्न नियमित येतं, असं विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपुरतं तेवढं पुरतंही.

धंद्यात मात्र ते पुरत नाही, कारण या तिन्ही मार्गांतला खरा फरक कमिशनचा नाही. ग्राहक मिळवायला पैसे तिन्हीकडे मोजावेच लागतात. ते कधी मोजायचे, कोणाला मोजायचे आणि मोजल्यावर तो ग्राहक आपल्याकडे राहतो की नाही, एवढाच फरक आहे. हे समजायला एकच वस्तू तिन्ही मार्गांनी विकून पाहावी.

समजा, पुण्यात गोडा मसाला करणारा एक लहान गृहउद्योग आहे. २०० ग्रॅमचं पाकीट, किंमत २१० रुपये. त्यात ५ टक्के जीएसटीचे १० रुपये, म्हणजे उद्योगाच्या हाती २००. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, भाजणी, दळण, मजुरी आणि छापील पाकीट धरून खर्च ९० रुपये. मसाला तयार होऊन फळीवर ठेवला तेव्हा एका पाकिटामागे ११० रुपये शिल्लक दिसतात. हा आकडा बघूनच बहुतेकांना ऑनलाइन विक्रीचा मोह होतो. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते वस्तू, वजन, अंतर आणि कंपनीनुसार बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

दुसऱ्याच्या बाजारात

मार्केटप्लेसवर माल विक्रेत्याचा असतो आणि दुकान कंपनीचं. भारतात हा कायद्याचाही भाग आहे. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजाराला स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्याने फक्त विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून द्यायची. फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले आणि ज्या विक्रेता कंपनीत त्या बाजाराचं भागभांडवल आहे, तिचा मालही तिथे विकायला मनाई झाली. कंपनीचं उत्पन्न म्हणूनच विक्रेत्यांकडून घेतलेल्या निरनिराळ्या आकारांतून येतं.

आपल्या पाकिटाला हे आकार कसे लागतात? कमिशन ८ टक्के धरू, म्हणजे १७ रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे एक ठरावीक फी, १५ रुपये. वाहतूक वजनाच्या टप्प्यांप्रमाणे. पाकीट २०० ग्रॅमचं असलं तरी आकारणी अर्ध्या किलोच्या टप्प्याची, तिचे ५५ रुपये. खोका आणि चिकटपट्टी ८ रुपये. परत आलेल्या किंवा वाटेत फुटलेल्या मालापोटी ७ रुपये. शिवाय ‘गोडा मसाला’ असं शोधल्यावर आपलं पाकीट पहिल्या ओळींत दिसावं म्हणून त्याच बाजाराला दिलेल्या जाहिरातीचे, सगळ्या विक्रीवर वाटून, २० रुपये. बेरीज १२२. शिल्लक होती ११०. पाकीट विकलं गेलं, ग्राहकाने पाच तारे दिले आणि उद्योगाला १२ रुपयांचा तोटा झाला.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की १२२ रुपयांत कमिशन फक्त १७ आहे. मीशोने २०२१ पासून विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं. अ‍ॅमेझॉननेही एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या अनेक प्रकारच्या वस्तूंवरची ही फी काढली. आपल्या उदाहरणात ते १७ रुपये वाचले तर १२ रुपयांच्या तोट्याच्या जागी ५ रुपयांचा नफा होतो. बरं झालं, पण धंदा त्यावर उभा राहत नाही. लहान किमतीच्या वस्तूला खाऊन टाकते ती वाहतूक. २१० रुपयांच्या मसाल्याला आणि हजार रुपयांच्या तेवढ्याच वजनाच्या वस्तूला कुरिअर सारखंच पडतं.

म्हणून तिथे मसाले, साबण, पापड असल्या वस्तू ‘तीनचा संच’, ‘चारचा संच’ अशा मांडलेल्या दिसतात. आपणही तीन पाकिटं ६३० रुपयांना लावू. जीएसटी वजा जाता ६००, उत्पादन खर्च २७०, शिल्लक ३३०. आता कमिशन ५०, ठरावीक फी २५, एक किलोच्या टप्प्याची वाहतूक ७५, जाहिरात ३०, खोका १२, परतीची तरतूद १८. एकूण २१०. हाती १२० रुपये राहतात. तीच वस्तू, तोच बाजार, फक्त ऑर्डर मोठी झाली.

पैसे लगेच मिळत नाहीत. माल पोचून परतीची मुदत जवळ आली की ठरलेल्या दिवशी सगळे आकार कापून रक्कम खात्यात येते. त्या पावतीवर टीसीएस नावाची अर्ध्या टक्क्याची कपातही दिसते. ती सरकारकडे जीएसटीपोटी जमा होते आणि पुढे वळती करून घेता येते, पण तोवर पैसा अडकतो. कंपनीने लावलेल्या आकारांवरच्या १८ टक्के जीएसटीचंही तसंच. वर्षाच्या शेवटी तो खर्च ठरत नाही, पण महिन्याच्या शेवटी खोबरं घ्यायला पैसे कमी पडतात.

हे सगळं सोसूनही मार्केटप्लेसचं एक मोल आहे. तिथे येणारा माणूस खरेदी करायच्या तयारीने आलेला असतो. नागपूरच्या किंवा बेंगळुरूच्या मराठी घरात कोणी ‘गोडा मसाला’ असं टाइप करतं तेव्हा मसाला का घ्यावा हे त्याला पटवावं लागत नाही. अनोळखी नावावर विश्वास ठेवायलाही तो तयार असतो, कारण पैसे परत मिळण्याची हमी बाजाराने दिलेली असते.

पण तो ग्राहक बाजाराचा असतो. त्याचा फोन नंबर आपल्याला मिळत नाही, त्याला परस्पर संदेश पाठवायला बंदी असते, आणि ‘पुढच्या वेळी आमच्या वेबसाइटवरून घ्या, दहा टक्के सवलत’ अशी चिठ्ठी खोक्यात टाकणं नियमाविरुद्ध आहे. दोन महिन्यांनी मसाला संपला की तो पुन्हा ‘गोडा मसाला’ शोधतो आणि त्या दिवशी ज्याची जाहिरात वर असेल त्याचं पाकीट त्याला आधी दिसतं. आपलाच जुना ग्राहक परत मिळवायला पुन्हा ३० रुपये मोजावे लागतात. ही जत्रेत भाड्याने घेतलेली पाल आहे. गर्दी जत्रेची, जागा आयोजक ठरवणार.

या मार्गावर घसरण सुरू झाली आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. विक्रेत्याला ग्राहकांनी कोणते शब्द शोधून आपली वस्तू घेतली याचा अहवाल मिळतो. वर्षभरानंतरही बहुतेक ऑर्डरी ‘गोडा मसाला’ या सर्वसाधारण शब्दावरूनच येत असतील आणि आपल्या मसाल्याचं नाव कोणी टाइप करत नसेल, तर माल खपतोय पण नाव झालेलं नाही. अशा विक्रेत्याचा जाहिरात खर्च विक्रीबरोबर वाढत जातो, कधीच उतरत नाही.

स्वतःचं दुकान

मग उद्योग ठरवतो की आता स्वतःची वेबसाइट. कमिशन नाही, ग्राहकाचं नाव-पत्ता-फोन आपल्याकडे, खोक्यात काय घालायचं ते आपण ठरवणार. या पद्धतीचं लाडकं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वॉर्बी पार्कर. २०१० साली तिने मधल्या दुकानदारांना टाळून चश्मे थेट इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१६ मध्ये सुरू झालेली मामाअर्थ याच वाटेने मोठी झाली.

आता आपला संच. ६३० रुपयांच्या ऑर्डरमागे उत्पादन खर्च वजा जाता पूर्वीसारखेच ३३० रुपये आहेत. पेमेंट गेटवेचे १५, कुरिअर ८०, खोका १५, वेबसाइटचं मासिक भाडं आणि संदेशांचा खर्च वाटून २०. आणखी एक खर्च आहे, जो नव्या माणसाच्या हिशेबात सहसा नसतो. तो म्हणजे दारातून परत आलेल्या पार्सलांचा. १०० ऑर्डरींतल्या ६० कॅश ऑन डिलिव्हरीच्या असल्या आणि त्यातल्या १५ जणांनी माल घेतलाच नाही, फोन उचलला नाही किंवा ‘मी मागवलंच नव्हतं’ म्हटलं, तर त्या १५ पार्सलांचं जाण्याचं आणि येण्याचं असं दुहेरी कुरिअर आपल्या माथी. प्रत्येकी १६० रुपये धरले तर २,४०० रुपये. ते पोचलेल्या ८५ ऑर्डरींवर वाटले की प्रत्येकीमागे २८ रुपये येतात. सगळं मिळून खर्च १५८, शिल्लक १७२. मार्केटप्लेसवर हीच शिल्लक १२० होती. इथपर्यंत डीटूसीची बाजू भक्कम दिसते.

फक्त एक प्रश्न उरतो. वेबसाइटवर येणार कोण? जत्रा नाही, त्यामुळे गर्दी नाही. प्रत्येक माणूस फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गुगलवरच्या जाहिरातीतून आणावा लागतो. एका क्लिकला ६ रुपये आणि १०० जण आले तर दोघे ऑर्डर देतात, असं धरू. म्हणजे ६०० रुपयांत दोन ऑर्डरी, एका ग्राहकामागे ३०० रुपये. शिल्लक १७२, खर्च ३००. पहिल्या ऑर्डरीत १२८ रुपये तोटा.

हा तोटा मुद्दाम घेतलेला असतो. गणित दुसऱ्या ऑर्डरीवर बसवलेलं असतं. दोन महिन्यांनी त्या ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश गेला आणि त्याने पुन्हा मागवलं तर जाहिरातीचा खर्च नाही. ओळख झाल्यामुळे पैसेही तो बहुधा आधी भरतो, म्हणजे पार्सल परत येण्याचा धोका नगण्य. त्या ऑर्डरीत २०० रुपये सुटतात. १०० नव्या ग्राहकांवर १२,८०० रुपये तोटा झाला असेल तर त्यांच्याकडून पुढे ६४ ऑर्डरी आल्या की बरोबरी होते, आणि पासष्टावीपासून नफा.

इथेच बरेच जण फसतात, आणि चूक आकडेमोडीत नसून आकडा कुठून घेतला त्यात असते. जाहिरात कंपनीच्या पडद्यावर ‘एका ऑर्डरीमागे ३०० रुपये’ असं दिसतं ते ग्राहकाने बटण दाबल्या क्षणी मोजलेलं असतं. त्यातल्या १०० पैकी १५ ऑर्डरी दारातून परत येणार आहेत हे त्या पडद्याला कळत नाही. जाहिरातीचे पैसे १०० ऑर्डरींचे गेले, ग्राहक मिळाले ८५. म्हणजे खरा खर्च ३०० नव्हे, ३५३. तोटा १२८ नव्हे, १८१. १०० ग्राहकांमागे बरोबरीसाठी ६४ नव्हे, ९१ ऑर्डरी पुढे याव्या लागतील. कागदावर नफ्यात असलेल्या दुकानाची बँकेतली शिल्लक मात्र दर महिन्याला का कमी होते, याचं उत्तर अनेकदा ६४ आणि ९१ यांच्यामध्ये असतं. तपासायची रीत सोपी आहे. जाहिरातीवरचा महिन्याचा सगळा खर्च घ्यायचा आणि त्याला त्या महिन्याच्या ऑर्डरींपैकी प्रत्यक्ष पोचलेल्या, पैसे मिळालेल्या नव्या ग्राहकांच्या ऑर्डरींनी भागायचं. जाहिरात कंपनीचा आकडा या भागाकारात घ्यायचा नाही.

दुसरी अडचण आपल्या हातातली नाही. जाहिरातीचा भाव लिलावाने ठरतो, आणि दिवाळीच्या आधी मोठ्या कंपन्या लिलावात उतरल्या की ६ रुपयांची क्लिक सहज ९ रुपयांवर जाऊ शकते. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनमध्ये एक बदल केला. कोणत्याही अ‍ॅपला ग्राहकाचा इतरत्र माग काढायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी लागू लागली. बहुसंख्य लोकांनी नकार दिला आणि नेमक्या माणसाला जाहिरात दाखवण्याची फेसबुकची ताकद कमी झाली. त्या एका बदलाने जगभरच्या लहान डीटूसी कंपन्यांचे हिशेब विस्कटले. मार्केटप्लेसवरच्या घरमालकाला सोडून आलेल्याला इथे दुसरा घरमालक भेटतो, इतकंच.

म्हणून डीटूसी कोणाला परवडतं, याचं उत्तर वस्तूच्या खरेदीच्या तालात शोधावं लागतं. गोडा मसाला दर दीड-दोन महिन्यांनी लागतो आणि एकदा चव बसली की घर तो सहसा बदलत नाही, त्यामुळे ९१ ऑर्डरी मिळण्याची आशा धरता येते. तोच उद्योग फक्त आकाशकंदील विकत असता तर दुसरी ऑर्डर पुढच्या दिवाळीला आली असती. आकाशकंदिलाने पहिल्या ऑर्डरीतच नफा दिला पाहिजे, नाहीतर तो मार्केटप्लेसवरच विकावा.

दरमहा, न सांगता

तिसरा मार्ग कानाला सर्वांत गोड लागतो. ग्राहकाने एकदा ‘हो’ म्हटलं की दर महिन्याला माल जातो आणि पैसे येतात. महाराष्ट्राला हे नवं नाही. दुधाचा रतीब, पेपरवाल्याचं बिल, मासिकाची वार्षिक वर्गणी ही सबस्क्रिप्शनंच. त्या तिन्हींत एक समान गोष्ट होती. वस्तू ठरावीक काळात संपत होती किंवा शिळी होत होती. काल घेतलेलं दूध उद्या चालत नाही, म्हणून रतीब टिकला.

इंटरनेटवर या पद्धतीने गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतला डॉलर शेव्ह क्लब. दाढीची पाती दरमहा स्वस्तात घरपोच, एवढाच धंदा. २०१२ च्या मार्च महिन्यात त्यांनी यूट्यूबवर एक विनोदी चित्रफीत टाकली आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. २०१६ मध्ये युनिलिव्हरने ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली. तेव्हाच्या बाजारात दबदबा असलेल्या जिलेटला स्वतःच्या पात्यांचे भाव कमी करावे लागले. पण २०२३ मध्ये युनिलिव्हरने त्यातला बहुतांश हिस्सा विकून टाकला. ग्राहक मिळवणं एक, आणि वर्षानुवर्षं टिकवणं दुसरं.

आपल्या संचाचा हिशेब करू. नोंदणी करणाऱ्याला १० टक्के सवलत दिली. किंमत ५६७ रुपये, जीएसटी वजा जाता ५४०. उत्पादन खर्च २७०, पाठवणीचा आणि वेबसाइटचा खर्च १३०. एका खोक्यामागे १४० रुपये उरतात. अनोळखी ग्राहकाकडून ‘दरमहा पैसे कापून घ्या’ असं कबूल करून घेणं साध्या ऑर्डरीपेक्षा कठीण, म्हणून एका नोंदणीमागे जाहिरातीचा खर्च ६०० रुपये धरू. चार खोके जाईपर्यंत तोटा, पाचव्यात पैसे वसूल.

आता सगळं एका आकड्यावर येऊन ठेपतं. दर महिन्याला किती टक्के लोक नोंदणी रद्द करतात? धंद्यात याला चर्न म्हणतात. १० टक्के लोक सोडत असतील तर एक ग्राहक सरासरी १० महिने टिकतो. १०० टक्क्यांना गळतीच्या टक्क्यांनी भागलं की हा आकडा मिळतो. दहा खोके म्हणजे १,४०० रुपये, वजा ६००, नफा ८००. उत्तम. पण गळती २५ टक्के असेल तर ग्राहक सरासरी चारच महिने टिकतो. चार खोक्यांचे ५६०, वजा ६००, दर ग्राहकामागे ४० रुपयांचा तोटा. नोंदणी वाढेल तसा तोटाही वाढतो.

आणि मसाल्याची गळती २५ टक्क्यांवर जाणं अगदी शक्य आहे, कारण चौघांच्या घरात तीन पाकिटं महिन्यात संपतच नाहीत. पहिला खोका आनंदाने उघडला जातो. दुसरा येतो तेव्हा पहिल्यातली दोन पाकिटं शिल्लक असतात. तिसरा आला की डब्यात जागा नसते, चौथ्याच्या आधी नोंदणी रद्द होते. ग्राहक मसाल्यावर नाराज नसतो. तो ढिगावर नाराज असतो. कंपनी मात्र चवीत काय चुकलं ते शोधत बसते. रद्द करणाऱ्याला एकच प्रश्न विचारला तर खरं कारण कळतं: मागचं पाकीट संपलं होतं का? आणि ‘रद्द करा’च्या शेजारी ‘या महिन्यात नको’ आणि ‘दोन महिन्यांनी पाठवा’ ही दोन बटणं ठेवली तर बरीच गळती थांबते.

सवलतीने खेचलेल्या नोंदणीचा धोका याहून मोठा. अमेरिकेतली ब्लू एप्रन मोजून-मापून दिलेल्या भाज्या, मसाले आणि कृती असा रात्रीच्या जेवणाचा संच दर आठवड्याला घरी पाठवायची. पहिल्या खोक्यांवर घसघशीत सवलत होती. लोक सवलतीपुरते यायचे आणि पूर्ण किंमत लागू झाली की निघून जायचे. जून २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीची किंमत १९० कोटी डॉलरच्या आसपास होती. २०२३ मध्ये ती सुमारे १० कोटी डॉलरना विकली गेली.

गळती थांबवायचा एक वाईट मार्गही आहे, आणि तो मोठ्या कंपन्यांनीही धरला. रद्द करण्याचं बटण लपवायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर जून २०२३ मध्ये खटला भरला, तो प्राइमच्या सभासदत्वावरून. सभासद होणं सोपं, सोडणं मात्र पानामागून पान ओलांडायला लावणारं, असा आरोप होता. कंपनीच्या आत त्या सोडण्याच्या प्रक्रियेचं नाव ‘इलियड’ होतं, होमरच्या त्या प्रदीर्घ महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने २५० कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली. तीत सबस्क्रिप्शनच्या या सापळ्याचा समावेश आहे.

भारतात आणखी एक अडसर आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि त्या सूचनेतूनच त्याला नकार देता येतो. म्हणजे ‘ग्राहक विसरून जाईल’ या आशेवर चालणारं सबस्क्रिप्शन इथे तग धरत नाही. दर महिन्याला त्याला आठवण होते आणि त्या क्षणी मसाला संपत आलेला असला तरच तो गप्प बसतो.

क्रम महत्त्वाचा

तीन रकान्यांतून एक निवडा, असा प्रश्न परीक्षेत येतो. प्रत्यक्षात टिकलेल्या कंपन्यांनी एक निवडलेला दिसत नाही. नायकेने २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनवरची थेट विक्री बंद केली आणि स्वतःच्या वेबसाइटवर व दुकानांवर भर दिला. २०२५ मध्ये ती अ‍ॅमेझॉनवर परतली. मामाअर्थ वेबसाइटपुरती राहिली नाही. मार्केटप्लेस आणि गल्लीतली दुकानं तिने जोडली आणि तिची मूळ कंपनी होनासा नोव्हेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. नायकेसारखं नाव असूनही ग्राहक जिथे शोधतो तिथे जावंच लागतं, तर आपल्या मसाल्याची काय कथा?

म्हणून पुण्याच्या त्या उद्योगाने क्रम लावावा. सुरुवात मार्केटप्लेसवर, तीन पाकिटांच्या संचाने. तिथली मिळकत कमी, पण चव लोकांना आवडते का, कोणत्या शहरातून मागणी येते, पाकीट प्रवासात फुटतं का, हे सगळं तिथे स्वस्तात कळतं. खोक्यात चिठ्ठी टाकायला बंदी असली तरी पाकिटावर उद्योगाचं नाव आणि तक्रारीसाठी पत्ता, फोन, ईमेल छापणं वेष्टित मालाच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. ते नाव ठसठशीत आणि लक्षात राहण्याजोगं असलं की काही जण पुढच्या वेळी नावानेच शोधतात.

असे लोक दिसू लागले की वेबसाइट उघडावी, आधी नाही. नाव शोधून आलेल्या माणसासाठी ३५३ रुपये मोजावे लागत नाहीत, त्यामुळे पहिल्याच ऑर्डरीत १७२ रुपये हाती राहतात. नव्या लोकांना आणण्याचं काम मार्केटप्लेसकडे राहू द्यावं आणि परत येणाऱ्यांची सोय वेबसाइटने करावी.

आणि नोंदणीचा प्रस्ताव अनोळखी माणसापुढे ठेवूच नये. ज्याने स्वतःहून तीन वेळा मागवलं आहे त्यालाच विचारावं. त्याच्या तीन ऑर्डरींमधलं अंतर आपल्याकडे नोंदलेलं असतं. कोणी ४० दिवसांनी मागवतो, कोणी ७० दिवसांनी. ‘दरमहा’ न म्हणता त्याला त्याच्याच अंतराने पाठवावं. या नोंदणीला जाहिरातीचा खर्च शून्य, त्यामुळे १४० रुपये पहिल्या खोक्यापासून नफ्याचे. अशा नोंदण्या थोड्याच होतील, शंभरात दहा-पंधरा, पण त्यांच्या भरवशावर पुढच्या दोन महिन्यांचं खोबरं आधी घेता येतं. सबस्क्रिप्शनचा खरा उपयोग तोच आहे.

एखाद्या ऑनलाइन दुकानाची प्रकृती बघायची असेल तर ते कोणत्या रकान्यात बसतं हे न विचारता मालकाला एवढंच विचारावं: उद्यापासून सगळ्या जाहिराती बंद केल्या तर पुढच्या महिन्यात किती ऑर्डरी येतील? आकडा त्याला लगेच सांगता आला आणि तेवढ्या ऑर्डरींत जागेचं भाडं आणि मजुरी निघत असेल, तर त्याच्याकडे स्वतःचे ग्राहक आहेत. सांगता आला नाही, तर विक्री कितीही मोठी असो, ती दर महिन्याला नव्याने विकत घेतलेली आहे.